कुलूप होतं, पासवर्डही चालला. मग पान खोटं कसं?

पत्र: मी ६३ वर्षांची निवृत्त शिक्षिका. पेन्शन आणि मुदत ठेवी नेटबँकिंगवरच बघते. मागच्या मंगळवारी लॅपटॉपवर नेहमीसारखं गूगलमध्ये बँकेचं नाव आणि 'लॉगिन' टाकलं आणि सगळ्यात वरच्या लिंकवर गेले. पान ओळखीचंच होतं, पण युजर आयडी आणि पासवर्ड एरवी आपोआप भरला जातो, तो भरला गेला नाही. हाताने टाकला तर 'पासवर्ड चुकीचा' आलं आणि पान क्षणभर लुकलुकलं. परत तोच टाकला, ओटीपी आला, आत गेले. शिल्लक बरोबर होती. पत्ता मात्र नेहमीचा .com वाला दिसला नाही. मुलगा म्हणतो, कुलूप होतं आणि पासवर्ड चालला, म्हणजे पान खरंच. मैत्रीण म्हणते, बँक कधी पत्ता बदलत नाही, तू फसलीस. हिस्ट्रीतल्या दोन ओळी उतरवून पाठवते आहे. पान खरं होतं की खोटं, एवढंच सांगा.
— एक वाचक, सातारा

उत्तर:

ताई, पान एक नव्हतंच. दोन होती. पहिलं खोटं होतं आणि दुसरं खरं. म्हणून मुलाचं अर्धं बरोबर आहे, मैत्रिणीचंही अर्धंच बरोबर आहे, आणि दोघांनी दिलेली कारणं मात्र पूर्ण चुकीची आहेत. पासवर्ड लगेच बदला, हे तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला कळवलं आहे. इथे सविस्तर लिहितो आहे ते तुमच्यासाठी आणि अशाच कोड्यात पडलेल्या इतरांसाठी.

तुम्ही हिस्ट्री उतरवून पाठवलीत हे फार बरं केलंत, कारण पानाच्या वर्णनावरून कुणालाच काही सांगता आलं नसतं. त्या दोन ओळी खाली देतो. तुमच्या बँकेचं नाव काढून तिथे `apalibank` घातलं आहे आणि भामट्याच्या पत्त्यातलं नावही बदललं आहे, म्हणजे कुणी उत्सुकतेने उघडायला जाऊ नये.

```
10:42  apalibank.bank.in-khatelogin.com/retail/login
10:44  netbanking.apalibank.bank.in/retail/login
```

वरवर पाहिलं तर पहिलीच ओळ जास्त ओळखीची वाटते. सुरुवातच बँकेच्या नावाने होते, पुढे `bank.in` आहे, शेवटी `login` आहे. दुसरी उलट `netbanking` अशा कुणाच्याही असू शकेल अशा शब्दाने सुरू होते. डोळा डावीकडून उजवीकडे वाचतो, ओळखीचं नाव दिसलं की थांबतो आणि बाकीचं गृहीत धरतो. पहिली ओळ त्या सवयीवरच बेतलेली आहे.

वेबचा पत्ता वाचायचा तो आपल्या टपालाच्या पत्त्यासारखा. पाकिटावर आपण आधी माणसाचं नाव लिहितो, मग गल्ली, मग मु. पो., मग तालुका आणि सगळ्यात शेवटी जिल्हा. 'कोल्हापूर गल्ली, ता. सिन्नर, जि. नाशिक' असं लिहिलेलं पत्र कोल्हापूरला जात नाही. पोस्टमन शेवटचा जिल्हा बघतो. ब्राउझरही तेच करतो. फक्त 'शेवट' कुठे आहे हे आधी ठरवावं लागतं, आणि गफलत नेमकी तिथे होते.

शेवट म्हणजे पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या, म्हणजे स्लॅशच्या, लगेच आधीची जागा. सुरुवातीला `https://` दिसत असेल तर त्यातल्या दोन रेघा धरायच्या नाहीत. त्यांच्यानंतर जी पहिली रेघ येईल तिथे बोट ठेवायचं. त्या रेघेच्या उजवीकडे जे काही आहे ते पान बनवणाऱ्याच्या मर्जीचं असतं, तिथे तो काहीही लिहू शकतो. `khatelogin.com/apalibank.bank.in/login` या पत्त्यात बँकेचं नाव रेघेच्या उजवीकडे आहे, म्हणजे त्याची किंमत शून्य. बोट ठेवलंत की तिथून डावीकडे सरकत यायचं, टिंबाटिंबाने.

पहिली ओळ अशी वाचून बघा. `retail` च्या आधीच्या रेघेवर बोट ठेवलं. डावीकडे पहिला तुकडा `com`. त्याच्या डावीकडच्या टिंबापर्यंतचा तुकडा `in-khatelogin`. झालं, मूळ नाव सापडलं: `in-khatelogin.com`. हे कुणीतरी विकत घेतलेलं एक साधं .com नाव आहे. त्याच्या डावीकडचे `bank` आणि `apalibank` हे उपविभाग, आणि ते मालक हवे तितके, हव्या त्या नावाने, फुकट पाडू शकतो. घर स्वतःचं असलं की खोल्यांना कुठलीही नावं देता येतात, तसं.

इथली लबाडी एका छोट्या जोडरेघेत आहे. `bank.in-khatelogin` वाचताना आपण `bank.in` वर थांबतो आणि जोडरेघेला पूर्णविरामासारखं धरतो. ब्राउझरला जोडरेघ म्हणजे नावातलंच एक अक्षर. नावं वेगळी करतं ते फक्त टिंब. म्हणून `in-khatelogin` हा एक अखंड शब्द आहे आणि त्यातल्या `in` चा भारताशी काही संबंध नाही.

आता दुसरी ओळ. पहिल्या रेघेवर बोट, डावीकडे `in`, मग `bank`, मग `apalibank`, मग `netbanking`. शेवट `.bank.in` असा आहे आणि त्याला लागून बँकेचं नाव. हे पान खरं.

इतक्या ठामपणे म्हणता येतं, त्याला कारण आहे, आणि मैत्रिणीच्या शंकेचं उत्तरही त्यातच आहे. बँका पत्ता बदलतात. इतकंच नव्हे, त्यांना तो बदलावा लागला. रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने सगळ्या बँकांना आपली संकेतस्थळं `.bank.in` वर हलवायला सांगितलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. सरकारी आणि खासगी बँकांबरोबर नागरी सहकारी बँकाही त्यात आल्या. हे नाव बाजारात मिळत नाही. हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्थाच ते देते आणि फक्त बँकांना देते. साधं `.com` किंवा `.in` नाव मात्र कुणीही घरबसल्या काही शे रुपयांत घेऊ शकतो. त्यामुळे तुमच्या बँकेचा जुना `.com` पत्ता जाऊन नवा येणं हे संशयाचं कारण नाही. भामट्यांना ही बदलाबदली सोयीची पडली, कारण 'पत्ता बदललाय बहुतेक' असं म्हणून लोक पुढे जातात.

यातलं एक टिंब जपून बघायचं. `apalibank.bank.in` आणि `apalibank-bank.in` यांत फरक एका चिन्हाचा आहे. दुसऱ्यात `bank` च्या आधी जोडरेघ आहे, टिंब नाही. म्हणजे मूळ नाव `apalibank-bank.in`, एक साधं `.in` नाव, कुणालाही मिळणारं. `apalibankbank.in` हेही तसंच. रिझर्व्ह बँकेच्या व्यवस्थेतलं नाव तेच, ज्यात `bank` च्या दोन्ही बाजूंना टिंब आहे आणि `in` नंतर थेट स्लॅश आहे किंवा काहीच नाही.

याला मर्यादा आहेत, त्याही लक्षात असू द्या. पतसंस्था ही बँक नाही, तिला हे नाव मिळत नाही. कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना ओटीपी विचारणारं पान बऱ्याचदा तिसऱ्याच कंपनीच्या पत्त्यावर असतं, तिथे ही कसोटी लावून घाबरू नका. परदेशात राहणाऱ्यांची तिथली बँक `.bank.in` वर असणार नाही. एनआरआय खातं मात्र भारतातल्या बँकेत असेल तर लॉगिनला हाच नियम. आणि `.bank.in` म्हणजे 'ही एक बँक आहे' एवढंच. ती *तुमची* बँक आहे की नाही, हे डावीकडचा तुकडा अक्षर अक्षर वाचूनच कळतं.

मुलाचं पहिलं कारण कुलपाचं. ते चिन्ह एवढंच सांगतं, की तुमच्या लॅपटॉपपासून समोरच्या सर्व्हरपर्यंतचा मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही. समोर कोण बसलंय याबद्दल ते काही बोलत नाही. भामट्याशीही अगदी सुरक्षित जोडणी होऊ शकते, आणि तुमच्या बाबतीत झालीही. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट आणि काही मिनिटांत मिळतं. अट एकच, त्या नावाचा ताबा तुमच्याकडे असावा, आणि `in-khatelogin.com` चा ताबा त्या माणसाकडे होताच. कुलपाचा असा गैरसमज होतो म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये ते काढून तिथे दोन आडव्या घसरपट्ट्यांसारखं चिन्ह आणलं. मुलगा अजून 'कुलूप' म्हणतोय तर त्याच्या डोक्यात जुनं चित्र पक्कं बसलेलं दिसतं.

तरी त्या चिन्हाचा एक उपयोग आहे. त्यावर टिचकी मारून `Connection is secure` आणि मग `Certificate is valid` असं आत गेलात, की प्रमाणपत्र कुणाच्या नावे आहे ते दिसतं. बऱ्याच बँका संस्थेची कागदपत्रं तपासून दिलेलं प्रमाणपत्र घेतात, तिथे बँकेचं पूर्ण कायदेशीर नाव लिहिलेलं असतं. ते दिसलं तर चांगला पुरावा. नाही दिसलं तर लगेच पान खोटं ठरत नाही. पत्ता नीट वाचला असेल तर इथवर यायची गरजही क्वचितच पडते.

दुसरं कारण जास्त फसवं आहे: 'पासवर्ड चालला ना!' चालला, पण दुसऱ्या पानावर. १०:४२ ला तुम्ही जो आयडी आणि पासवर्ड टाकलात तो खोट्या पानाने लिहून घेतला. तो बरोबर की चूक हे त्या पानाला माहीतच नव्हतं. त्याने सरळ 'चुकीचा' असं दाखवलं आणि तुमचा ब्राउझर बँकेच्या खऱ्या पानाकडे ढकलला. तुम्हाला जे लुकलुकणं दिसलं ते हेच. तिथे तुम्ही तोच पासवर्ड परत टाकलात, खऱ्या बँकेने ओटीपी पाठवला, तुम्ही आत गेलात, शिल्लक बरोबर. हा प्रकार जुना आहे आणि अजून चालतो, कारण शेवट गोड होतो. बोट घसरलं असेल असं म्हणून माणूस विसरून जातो. तुम्हाला शंका आली ती केवळ आपोआप भरणारा पासवर्ड न भरल्यामुळे.

इथून एक उपयोगी खूण मिळते. खऱ्या पानावर पासवर्ड चुकला तर चूक तिथल्या तिथेच दिसते. पत्त्याचं मूळ नाव, म्हणजे `apalibank.bank.in`, चुकीच्या आधी आणि नंतर तेच राहतं. त्याच्या डावीकडचा तुकडा किंवा रेघेच्या उजवीकडचा मजकूर बदलू शकतो, त्याने बिघडत नाही. मूळ नावच बदललं, तर आधीचं पान बँकेचं नव्हतं. तुमच्या दोन ओळींत नेमकं हेच घडलं आहे. लुकलुकलेल्या पानावर काही टाकण्याआधी पत्ता एकदा वाचायचा आणि मग `Ctrl+H` दाबून आधीची ओळ बघायची. एवढ्याने छडा लागतो.

काही जण सांगतात, की मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून बघा, खोटं पान तो स्वीकारेल. ही कसोटी एकाच बाजूने चालते. चुकीचा पासवर्ड स्वीकारून पुढे गेलं तर पान नक्की खोटं. पण 'चुकीचा' म्हणालं तर काहीच सिद्ध होत नाही, कारण तुम्हाला भेटलेलं पान सगळ्यांनाच 'चुकीचा' म्हणत होतं. काही खोटी पानं तर तुमचा पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या बँकेत टाकून बघतात आणि बँकेचंच उत्तर तुम्हाला दाखवतात. त्यांच्यापुढे ही युक्ती लंगडी पडते. मी हा सल्ला कुणाला देत नाही.

आता आपोआप न भरलेल्या पासवर्डबद्दल. ब्राउझर पासवर्ड ठेवतो तो पत्त्याच्या नावाशी बांधून. पान दिसायला कितीही हुबेहूब असो, पत्ता जुळला नाही तर तो गप्प बसतो. त्याला बँकेचा लोगो भुलवत नाही, म्हणून या बाबतीत तो आपल्यापेक्षा बरा पहारेकरी आहे. पण बँकेने पत्ता बदलला की नव्या, खऱ्या पानावरही तो गप्पच बसणार, कारण त्याच्याकडे नोंद जुन्या `.com` ची आहे. तुमच्या बाबतीत तो दोन्ही पानांवर गप्प होता: एकदा पान खोटं म्हणून, एकदा पत्ता नवा म्हणून. म्हणून तुमचा गोंधळ झाला, त्यात तुमचा दोष नाही.

हे एकदाच निस्तरावं लागतं. पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला पत्ता गूगलच्या शोधात नव्हे तर थेट ॲड्रेस बारमध्ये टाइप करा. जुना `.com` छापलेला असला तरी चालेल, बँका जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवतात. तो तुम्हाला स्वतःहून `.bank.in` वर घेऊन गेला, की वर सांगितलं तसं उजवीकडून वाचा. पटलं, की तिथेच `Ctrl+D` दाबून बुकमार्क करा आणि लॉगिन करताना ब्राउझर विचारेल तेव्हा नवा पासवर्ड जतन करू द्या. मग `chrome://password-manager/passwords` उघडून बँकेची नोंद बघा. जुन्या पत्त्याची नोंद काढून टाका आणि नव्या नोंदीत पत्ता बरोबर आहे याची खात्री करा. यानंतर मात्र आपोआप भरलं नाही तर ते पान सोडायचं. तेव्हा 'पत्ता बदलला असेल' ही सबब उरलेली नसेल.

लॅपटॉपवर आणखी एक सोय करून घ्या. क्रोममध्ये ॲड्रेस बारवर उजवी टिचकी मारून `Always show full URLs` निवडा. म्हणजे लपवलेला `https://` आणि `www` धरून पूर्ण पत्ता दिसेल. क्रोम स्लॅशच्या आधीचा भाग गडद आणि नंतरचा फिका दाखवतो. फायरफॉक्स त्याहून पुढे जातो, फक्त मूळ नाव गडद ठेवतो. तुमची पहिली ओळ फायरफॉक्समध्ये उघडली असती तर `apalibank.bank.` फिकं आणि `in-khatelogin.com` गडद दिसलं असतं. उजवीकडून वाचायचा कंटाळा असेल त्यांनी बँकेच्या कामापुरता तो वापरायला हरकत नाही.

मोबाइलवर अवघड आहे, कारण पट्टी अरुंद आणि पत्ता अर्धाच दिसतो. तिथे ॲड्रेस बारवर टिचकी मारा, पूर्ण पत्ता कॉपी करा आणि नोट्समध्ये चिकटवून मोठ्या अक्षरात वाचा. एसएमएसमधून आलेल्या लिंकची अक्षरं तर मेसेजमध्ये वाचून उपयोगच नाही. तिथे `l` च्या जागी कॅपिटल `I` घालून `apaIibank` लिहिलं तर बहुतेक फोनवर फरक दिसत नाही. ब्राउझर मात्र नावातली सगळी अक्षरं लहान करतो, म्हणून तेच नाव ॲड्रेस बारमध्ये `apaiibank` असं उघडं पडतं. `rn` आणि `m` यांचा घोळ मात्र तिथेही तसाच राहतो, तो डोळ्यांनीच पकडावा लागतो. नाव `xn--` ने सुरू झालं तर समजा, की इंग्रजीसारखी दिसणारी पण दुसऱ्या लिपीतली अक्षरं आत आहेत. भारतीय बँकेच्या लॉगिनला ती असायचं कारण नाही. आणि पत्त्यात पहिल्या स्लॅशच्या आधी `@` दिसला, तर त्याच्या डावीकडचं सगळं ब्राउझर पत्ता म्हणून धरतच नाही. अशी लिंक उघडू नका.

पानाच्या बाकीच्या विचित्रपणाला मी फार किंमत देत नाही. खरी बँकसुद्धा 'बॅक' बटण दाबलं की बाहेर काढते, पाचेक मिनिटं हात लावला नाही तर सेशन संपवते, आधीचं लॉगिन बंद न करता परत आलात तर अडवते, रात्री देखभालीसाठी अर्धवट पान दाखवते. अगदी एटीएमचा पिन विचारला म्हणजे खोटंच, असंही सरसकट म्हणता येत नाही. पासवर्ड विसरल्यावर तो नव्याने ठेवताना काही बँका कार्डाचा तपशील आणि पिन मागतात. पण तुम्ही ते काम स्वतः सुरू केलेलं असतं. साध्या लॉगिननंतर 'केवायसी पूर्ण करा' म्हणून कार्ड क्रमांक, सीव्हीव्ही किंवा यूपीआय पिन मागितला तर पत्ताही न वाचता टॅब बंद करा. एक छोटी गंमत मात्र करून बघण्यासारखी आहे. कॅप्चा बदलायच्या गोल बाणावर टिचकी मारा आणि खालच्या 'संपर्क', 'अटी' वगैरे लिंकवर जा. घाईने बनवलेल्या नकलेत कॅप्चा बदलत नाही आणि सगळ्या लिंक त्याच पानावर परत आणतात. नीट बनवलेली नक्कल यातही पास होते, म्हणून नापास झालं तरच निष्कर्ष काढा.

'सगळ्यात वरच्या लिंकवर गेले', असं तुम्ही लिहिलंत. गूगलमध्ये सगळ्यात वर बऱ्याचदा जाहिरात असते, बारीक अक्षरात `Sponsored` लिहिलेली. पैसे भरून तिथे बसता येतं. बुकमार्क झाल्यावर हा रस्ता बँकेसाठी बंद करा.

आता तुमच्यापुढचं काम. खोट्या पानाकडे आयडी आणि पासवर्ड गेला, ओटीपी गेला नाही. तो तुम्ही खऱ्या पानावर टाकलात. म्हणजे चोराच्या हातात एक किल्ली आहे, दुसरी नाही. पासवर्ड तुम्ही बदललाच असेल. तोच पासवर्ड ईमेललाही असेल तर तिथेही बदला. आत गेल्यावर 'शेवटचं लॉगिन' ही ओळ शोधा. त्यातली वेळ तुमची नसेल तर कार्डाच्या मागच्या क्रमांकावर फोन करून नेटबँकिंग बंद करायला सांगा. पैसे पाठवायच्या यादीत नवं नाव शिरलंय का, नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे का, हे बघा. पैसे गेलेले आढळले तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आणि बँक, दोन्हीकडे कळवा. आणि काही गेलं नसलं तरी झालेला प्रकार बँकेला लेखी कळवून तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, ग्राहकाने स्वतः पासवर्ड दिल्यामुळे झालेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. तो क्रमांक आणि वेळ वहीत लिहून ठेवा.

येत्या काही दिवसांत तुम्हाला 'बँकेतून बोलतोय' असा फोन येऊ शकतो. समोरचा तुमचा युजर आयडी बिनचूक सांगेल, मंगळवारी लॉगिनला अडचण आली होती ना, असंही म्हणेल. त्याला हे बँकेकडून कळलेलं नसेल, १०:४२ ला तुम्हीच दिलेलं असेल. त्याला आता फक्त ओटीपी हवा असेल. फोन ठेवा, आणि ओटीपीचा मेसेज आलाच तर तो कशासाठी आहे ते पूर्ण वाचा. 'लॉगिन' लिहिलंय की 'नवीन लाभार्थी जोडणे', हे त्यातच लिहिलेलं असतं.